एकाच कंपनीत तीन हर्डल रेट

नव्या गुंतवणुकीतून किमान किती परतावा मिळायला हवा, याची कंपनीने आखलेली रेषा म्हणजे हर्डल रेट. नवा कारखाना, नवे हॉटेल, नवी यंत्रे असा कोणताही प्रस्ताव आला की पुढच्या वर्षांत त्यातून येणारे पैसे या दराने कमी करून त्यांची आजची किंमत काढली जाते. ती खर्चापेक्षा जास्त भरली तर प्रस्ताव मंजूर होतो, कमी भरली तर फाईल परत जाते. बहुतेक कंपन्यांत हा दर एकच असतो. भागधारक आणि कर्ज देणारे यांना मिळून जो परतावा द्यावा लागतो त्याची सरासरी काढतात आणि तीच सगळ्या विभागांना लावतात. कंपनीचा धंदा एकच असेल तर त्यात फारसे बिघडत नाही. एका छताखाली वेगवेगळ्या जोखमीचे धंदे असले की मात्र हा एक दर ठरलेल्या दिशेने चुका करू लागतो.

समजा, एका कंपनीचा सरासरी दर 11 टक्के आहे. तिच्या एका विभागाकडे कारखान्यांची आणि रुग्णालयांची उपाहारगृहे कंत्राटाने चालवण्याचे काम आहे. मंदीतही रुग्णांना जेवण लागते, त्यामुळे हा धंदा शांत आहे आणि त्याला साजेसा दर 10 टक्के आहे. दुसऱ्या विभागाची रेस्टॉरंटे आहेत. लोकांचा हात आखडला की बाहेरचे खाणे आधी बंद होते, म्हणून तिथला योग्य दर 13 टक्के आहे. पहिल्या विभागाने 100 कोटींचा प्रस्ताव आणला आणि त्यातून वर्षाने 110.5 कोटी येण्याची अपेक्षा आहे. दुसऱ्यानेही 100 कोटीच मागितले, पण त्यातून 112 कोटी अपेक्षित आहेत. 11 टक्क्यांच्या एकाच रेषेने मोजले तर पहिला प्रस्ताव सुमारे 45 लाखांनी तोट्यात दिसतो आणि दुसरा 90 लाखांनी फायद्यात. ज्याच्या त्याच्या दराने मोजले की चित्र उलटते. कंत्राटी विभाग 45 लाखांची भर घालतो आणि रेस्टॉरंट जवळजवळ तेवढ्याच्या दुपटीने मूल्य घालवते.

अशी चूक एखाद्याच प्रस्तावात झाली तर कंपनीला काही होत नाही. ती वर्षानुवर्षे एकाच बाजूला होत राहते, हे खरे दुखणे. शांत विभागाचे चांगले प्रस्ताव नाकारले जातात, धोक्याच्या विभागाचे सुमार प्रस्ताव पास होतात आणि पैसा हळूहळू एका टोकाला सरकतो. परिणामी कंपनीची एकूण जोखीम वाढते, भागधारक जास्त परतावा मागू लागतात आणि सरासरी दर वर चढतो. त्या चढलेल्या दरापुढे शांत विभागाचे आणखी काही प्रस्ताव गळतात. या सगळ्यात धोक्याच्या विभागाच्या प्रमुखाची लबाडी असतेच असे नाही. समोर ठेवलेली रेषा तो प्रामाणिकपणे ओलांडत असतो.

विभागवार दर आखण्याचे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतल्या मॅरियट कंपनीचे आहे. 1927 मध्ये वॉशिंग्टनमध्ये रूट बिअरच्या एका दुकानापासून सुरू झालेली ही कंपनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस तीन धंद्यांत होती. हॉटेले होती, विमान कंपन्या, रुग्णालये, विद्यापीठे यांना जेवण पुरवण्याची कंत्राटी सेवा होती, आणि बॉब्ज बिग बॉय, रॉय रॉजर्स यांसारखी रेस्टॉरंटे होती. 1987 मध्ये विक्रीतला सर्वांत मोठा वाटा कंत्राटी सेवेचा, 46 टक्के होता, पण नफ्यातला निम्म्याहून किंचित जास्त वाटा हॉटेलांचा होता. त्या एका वर्षात कंपनीने 1 अब्ज डॉलरहून अधिक किमतीची हॉटेले उभी केली. हॉटेल बांधायचे, गुंतवणूकदारांना विकायचे आणि चालवण्याचे कंत्राट मात्र स्वतःकडे ठेवायचे, अशी तिची रीत होती. एवढ्या बांधकामाचा निर्णय एका दरावर टांगलेला असेल तर त्यात एका टक्क्याची चूकही महागात पडते. मॅरियटचा वित्त विभाग दरवर्षी कंपनीचा एक आणि तीन विभागांचे तीन दर नव्याने काढत असे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने यावर केलेली केस भारतातल्या व्यवस्थापन महाविद्यालयांतही शिकवली जाते.

दर काढण्याची सुरुवात जोखीम म्हणजे काय हे ठरवण्यापासून होते, आणि इथेच बरेच जण घसरतात. भागधारक सहसा एकाच कंपनीचे शेअर धरून बसत नाही. त्याच्याकडे वीस-पंचवीस कंपन्या असतात. एखादे रेस्टॉरंट चुकीच्या चौकात उघडले म्हणून बंद पडले तर दुसरे कुठे तरी तुफान चालते, आणि असे अपघात एकमेकांत जिरतात. न जिरणारी गोष्ट एकच असते. सगळी अर्थव्यवस्था आणि तिच्याबरोबर शेअरबाजार खाली जातो तेव्हा हा धंदा किती खाली जातो, हीच ती गोष्ट. ती मोजणाऱ्या आकड्याला बीटा म्हणतात. बाजाराइतकाच हलणाऱ्या शेअरचा बीटा 1, निम्मा हलणाऱ्याचा 0.5. सरकारी रोख्यावरचे व्याज घ्यायचे, त्यात शेअरबाजार रोख्यांपेक्षा जितका जास्त परतावा देईल अशी अपेक्षा असते तो फरक बीटाने गुणून मिळवायचा, की भागभांडवलाचा खर्च निघतो. ही रीत विल्यम शार्प यांच्या 1964 च्या लेखापासून रूढ झाली. तिच्यावर टीका भरपूर झाली, तरी वित्तप्रमुखांच्या टेबलावर आजही प्रामुख्याने हीच असते.

विभागाचा बीटा मोजायचा म्हटले तर पहिलीच अडचण उभी राहते. बीटा शेअरच्या भावावरून निघतो आणि विभागाचा शेअर बाजारात नसतो. मॅरियटचा शेअर होता, पण त्यात तिन्ही धंदे मिसळलेले होते. त्यावर उपाय म्हणून तोच एक धंदा करणाऱ्या नोंदणीकृत कंपन्या शोधायच्या आणि त्यांचा बीटा उसना घ्यायचा. हॉटेलांसाठी हिल्टन, हॉलिडे, ला क्विंटा, रमाडा होत्या. रेस्टॉरंटांसाठी मॅकडोनाल्ड्स आणि वेंडीज होत्या, शिवाय काही लहान साखळ्याही.

उसना बीटा जसाच्या तसा मात्र चालत नाही. शेअरच्या हेलकाव्यात धंद्याची जोखीम असते तशी कर्जाचीही असते. कर्जाचे व्याज आधी द्यावे लागते आणि उरलेल्यावर भागधारकाने भागवायचे असते, म्हणून कर्ज जितके जास्त तितके त्याचे हेलकावे मोठे. त्या काळच्या हॉटेल कंपन्यांत हिल्टनवर कर्ज अगदी थोडे होते, तर हॉलिडेच्या भांडवलात तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा कर्जाचा होता. धंदा एकच असूनही दोघांचे शेअर सारखे हलण्याची अपेक्षाच चुकीची होती. म्हणून आधी त्या कंपनीच्या बीटातून कर्जाचा परिणाम काढून टाकतात, राहिलेला धंद्याचा बीटा बघतात आणि मग आपल्या विभागाला झेपेल तेवढे कर्ज त्यावर पुन्हा चढवतात.

गणित दिसते तितके अवघड नाही. पुढचे आकडे मॅरियटचे नाहीत, समजायला सोपे पडावेत म्हणून घेतलेले आहेत. सरकारी रोख्यावर 7 टक्के मिळतात, शेअरबाजाराकडून त्याहून 6 टक्के जास्त अपेक्षित आहेत आणि कर 25 टक्के आहे असे धरू. एका हॉटेल कंपनीच्या शेअरचा बीटा 1.4 आहे आणि तिचे कर्ज भागभांडवलाइतकेच आहे. व्याजावर कर वाचतो, म्हणून कर्जाचे वजन 0.75 धरायचे. मग 1.4 ला 1.75 ने भागले की धंद्याचा बीटा 0.8 येतो. रेस्टॉरंट कंपनीच्या शेअरचा बीटा 1.2 आहे, पण तिच्यावर कर्ज जेमतेम एक-दशांश आहे. तिच्या धंद्याचा बीटा 1.1 निघतो. शेअर नुसते बघितले असते तर हॉटेल जास्त धोक्याचे वाटले असते. कर्ज बाजूला केल्यावर रेस्टॉरंट धोक्याचे ठरते. विभागवार दर काढताना ही एक पायरी वगळली तर सगळे काम उलटे पडते, आणि घाईच्या सादरीकरणांत नेमकी हीच वगळली जाते.

आता कर्ज परत चढवायचे. हॉटेलची इमारत आणि जमीन तारण ठेवता येते, म्हणून हॉटेल विभागाला 60 टक्के कर्ज झेपेल असे धरू. भागधारकांचा बीटा 1.7 होतो आणि त्यांना 17.2 टक्के द्यावे लागतात. कर्जावर 9 टक्के व्याज पडते, कर वाचल्यावर पावणेसात. दोन्हींची वजनी सरासरी 11 टक्क्यांच्या जरा खाली येते. रेस्टॉरंटला 40 टक्केच कर्ज झेपते आणि ते साडेनऊ टक्क्यांनी मिळते. भागधारकांना 16.9 टक्के, आणि सरासरी 13 टक्के. मॅरियटच्या वित्त विभागानेही विभागांना वेगवेगळी कर्जक्षमता लावली होती. हॉटेलांना 74 टक्के, रेस्टॉरंटांना 42 आणि कंत्राटी सेवेला 40, तर संपूर्ण कंपनीचे उद्दिष्ट 60 टक्क्यांचे होते. सरकारी रोख्यापेक्षा किती जास्त व्याज द्यावे लागेल याचा अंदाजही विभागवार होता. हॉटेलांसाठी 1.1 टक्के, रेस्टॉरंटांसाठी 1.8 टक्के.

व्याजाच्या बाबतीत एक मतभेद नेहमी निघतो. बँक तर सगळ्या कंपनीला एकाच दराने कर्ज देते, मग रेस्टॉरंट विभागाला वेगळे व्याज कशासाठी, असे त्या विभागाचा माणूस हमखास विचारतो. बँक कर्ज देताना हॉटेलांच्या इमारती आणि कंत्राटांचे ठराविक उत्पन्न बघत असते. तो स्वस्त दर रेस्टॉरंटला दिला तर शांत विभागाच्या पतीवर धोक्याचा विभाग फुकट जगतो आणि त्याची खरी किंमत कोणाच्याच हिशेबात येत नाही. म्हणून बँकेच्या कागदावरचे व्याज न घेता, तोच विभाग एकटा बाजारात उभा राहिला असता तर त्याला काय व्याज पडले असते ते घ्यायचे.

किती वर्षांच्या रोख्याचे व्याज पायाशी धरायचे, हेही धंद्यावर ठरते. हॉटेल तीस-चाळीस वर्षे उभे राहते, कंत्राटी उपाहारगृहातली भांडी आणि यंत्रे काही वर्षांत बदलतात. मॅरियटने हॉटेलांसाठी लांब मुदतीचे दर घेतले आणि इतर दोन विभागांसाठी छोट्या मुदतीचे. 1988 च्या वसंतात अमेरिकी सरकारच्या तीस वर्षांच्या रोख्यावर 8.95 टक्के मिळत होते आणि एका वर्षाच्या रोख्यावर 6.90, म्हणजे मुदतीच्या निवडीनेच दोन टक्के इकडचे तिकडे होत. लांब मुदतीच्या गुंतवणुकीत दोन टक्के म्हणजे काय, ते एका हिशेबात दिसते. दरवर्षी 10 कोटी देणाऱ्या हॉटेलची तीस वर्षांच्या उत्पन्नाची आजची किंमत 10 टक्के दराने 94 कोटी होते आणि 12 टक्क्यांनी 81 कोटींच्या आत येते. ते उभारायला 85 कोटी लागत असतील तर बांधायचे की नाही, हे त्या दोन टक्क्यांवरच ठरते.

तिसऱ्या विभागाचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. कंत्राटी सेवा हाच एक धंदा करणारी, तुलनेला घेता येईल अशी नोंदणीकृत कंपनी मॅरियटच्या हाताशी असलेल्या यादीत नव्हती. अशा वेळी वजाबाकी करतात. कंपनीच्या शेअरवरून संपूर्ण कंपनीच्या धंद्याचा बीटा कळतो आणि तो तिन्ही विभागांची वजनी सरासरी असायला हवा. दोन माहीत असतील तर तिसरा निघतो. वरच्या उदाहरणात कंपनीच्या किमतीत हॉटेलांचा वाटा निम्मा, रेस्टॉरंटांचा एक-पंचमांश आणि कंत्राटी सेवेचा उरलेला 30 टक्के धरू, आणि कंपनीचा एकूण बीटा 0.8. हॉटेलांचे 0.40 आणि रेस्टॉरंटांचे 0.22 वजा केले की 0.18 उरतात. त्यांना 0.3 ने भागले की कंत्राटी सेवेचा बीटा 0.6 येतो आणि 40 टक्के कर्ज धरून तिचा दर 10 टक्क्यांच्या आसपास.

वजाबाकीची ही रीत चतुर आहे, पण नाजूकही आहे. कंपनीचा बीटा 0.8 ऐवजी 0.85 असेल, आणि शेअरच्या भावांवरून काढलेल्या बीटात एवढा फरक नेहमीचाच असतो, तर कंत्राटी सेवेचा बीटा 0.6 वरून 0.77 वर उडी मारतो. इतर सगळ्या मोजमापांतल्या चुका गोळा होऊन शेवटी उरलेल्या विभागाच्या डोक्यावर बसतात. शिवाय वाटे कशावरून धरायचे हाही प्रश्न आहे. ते बाजारातल्या किमतीने धरायला हवेत, पण विभागांची बाजारातली किंमत कोणाला माहीत नसते. मग नफ्याचे किंवा मालमत्तेचे वाटे घेतात. मॅरियटमध्ये कंत्राटी सेवेचा विक्रीतला वाटा 46 टक्के होता आणि नफ्यातला 33. कोणता घ्यावा यावरून उत्तर बदलते. विक्रीवरून वाटे काढणे सर्वांत वाईट, कारण जेवण पुरवण्याच्या धंद्यात उलाढाल मोठी आणि त्यात अडकलेले भांडवल थोडे असते.

एवढे कष्ट बहुतेक कंपन्या घेत नाहीत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या जॉन ग्रॅहॅम आणि कॅम्पबेल हार्वे यांनी 392 वित्तप्रमुखांना विचारून 2001 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. परदेशातल्या बाजारातला प्रकल्प तपासताना नेहमी किंवा जवळजवळ नेहमी सगळ्या कंपनीचाच दर लावतो, असे त्यांतल्या सुमारे 59 टक्क्यांनी सांगितले. प्रकल्पाच्या जोखमीप्रमाणे दर लावणारेही निम्म्याच्या आसपास होते. काहींनी दोन्हींना होकार दिला, म्हणजे त्यांच्याकडे दोन्ही आकडे काढून मग भांडण होत असावे.

या सवयीचा पैशावर काय परिणाम होतो, हे फिलिप क्रूगर, ऑगस्टां लांदिए आणि दाविद तेस्मार यांनी 2015 मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये दाखवले. अनेक धंदे करणाऱ्या अमेरिकी कंपन्यांत मुख्य धंद्यापेक्षा जास्त बीटा असलेल्या दुय्यम विभागांत अपेक्षेपेक्षा जास्त गुंतवणूक होत होती आणि कमी बीटा असलेल्यांत कमी. मुख्य धंद्याचा दर सगळ्यांना लावला तर हेच व्हायला हवे. कंपन्या विकत घेण्याच्या व्यवहारांतही तेच दिसले. शांत धंद्याची कंपनी आपल्या कमी दराने धोक्याच्या कंपनीची किंमत काढते, जास्त पैसे मोजते, आणि असे व्यवहार जाहीर झाल्यावर खरेदीदाराच्या भागधारकांच्या हाती कमी पडते.

वेगळे दर ठेवणाऱ्या कंपन्यांतही ते बिघडतात, आणि बिघाडाचे दोन प्रकार ठरलेले आहेत. पहिल्यात धोका दोनदा मोजला जातो. नव्या शहरातले रेस्टॉरंट चालण्याची शक्यता 60 टक्केच असेल तर ती अपेक्षित उत्पन्नाच्या आकड्यात यायला हवी. बंद पडण्याची शक्यता धरून सरासरी उत्पन्न काढायचे आणि त्याला 13 टक्केच लावायचे. वरिष्ठांना मात्र विभागाचे आकडे नेहमी फुगवलेले वाटतात, म्हणून ते दरच 18 वर नेतात. मग पुढच्या वर्षी विभाग आकडे आणखी फुगवतो. शिवाय वाढीव दर दूरच्या वर्षांना जास्त कापतो, त्यामुळे दोन वर्षांत पैसे परत करणारे फुटकळ प्रस्ताव तरतात आणि लांब पल्ल्याचे बुडतात. आकडे फुगवलेले असतील तर आकडेच तपासायला हवेत. तीन वर्षांपूर्वी दाखवलेल्या उत्पन्नाशी प्रत्यक्ष उत्पन्न ताडून पाहिले की कोणता विभाग किती फुगवतो ते लवकरच कळते.

दुसरा बिघाड माणसांचा. दराला बक्षीस जोडले की दर हा वाटाघाटीचा विषय होतो. मॅरियटनेही व्यवस्थापकांच्या मोबदल्यात हर्डल रेट आणण्याचा विचार केला होता. आपला धंदा इतरांपेक्षा किती सुरक्षित आहे, हे प्रत्येक विभागप्रमुख मग नव्या तक्त्यांनिशी पटवू लागतो. तुलनेच्या यादीतून गैरसोयीची कंपनी गळते, सोयीची घुसते. म्हणून यादी आणि कर्जाचे प्रमाण वित्त विभागाने ठरवावे आणि ते वर्षातून एकदाच, एकाच दिवशी, सगळ्या विभागांसाठी बदलावे.

किती विभागांना किती दर, यालाही मर्यादा आहे. बीटाच्या मोजमापातच एक-दोन दशांशांची धूसरता असते. म्हणून 11.2 आणि 11.6 असे दोन वेगळे दर ठेवण्याला अर्थ नाही, त्या दोन विभागांना एकच दर पुरतो. हॉटेल आणि रेस्टॉरंट यांच्यासारखा दोन टक्क्यांचा फरक असेल तिथेच वेगळी रेषा आखण्याचे कष्ट वसूल होतात. शेवटी एक पडताळणी उरते आणि ती साधी आहे. सगळ्या विभागांचे दर त्यांच्या वाट्यांनी गुणून बेरीज केली की कंपनीचा दर परत यायला हवा. वरच्या उदाहरणात निम्म्या वाट्याचे 10.9, एक-पंचमांशाचे 13 आणि 30 टक्क्यांचे 10.1 मिळून 11.1 येतात. एखाद्या वर्षी तिन्ही विभागांचे दर कंपनीच्या सरासरीखाली आले तर कोणाचा तरी धोका हिशेबाबाहेर राहिला आहे, आणि तो शोधायची सुरुवात सर्वांत जोरात दर कमी करून घेतलेल्या विभागापासून करायची.